पीएफमध्ये माझे २,८८० आणि कंपनीचे १,८०० का?

«ताई, मी अंबडला एका कंपनीत २०१३ पासून सीएनसी ऑपरेटर आहे. बेसिक आणि डीए मिळून २४,००० आहे. पगारातून दरमहा २,८८० पीएफ कापतात, पण पासबुकात कंपनीचे फक्त ५५० दिसतात आणि पेन्शनमध्ये १,२५०. २०२१ ला लागलेल्या मित्राच्या पासबुकात मात्र कंपनीचे पूर्ण १,८०० आहेत. दोघांचेही १२ टक्के सारखेच असतात ना? मग कंपनी माझे पैसे खाते का?»

कंपनीच्या बाजूचे आकडे बरोबर आहेत. ५५० आणि १,२५० मिळून १,८०० होतात, आणि कायद्याने तिच्यावर तेवढेच बंधन आहे. मला खटकतो तो दुसऱ्या बाजूचा आकडा. तुमच्या पगारातून १,८०० ऐवजी २,८८० कापायला कोणी सांगितले, आणि तसे तुम्ही कधी लिहून दिले होते का? आधी कंपनीचा हिस्सा कसा निघतो ते सांगते आणि मग या प्रश्नाकडे येते, कारण पहिले समजल्याशिवाय दुसरे एचआरकडे नीट मांडता येत नाही.

पीएफसाठी पगाराचा पाया म्हणजे बेसिक आणि महागाई भत्ता. त्या पायाला कायद्याने वरून एक मर्यादा घातली आहे. १ सप्टेंबर २०१४ पासून ती महिना १५,००० आहे. त्याआधी, जून २००१ पासून, ती ६,५०० होती. तुमचा पाया २४,००० असो किंवा ६०,०००, सक्तीची वर्गणी १५,००० वरच मोजायची. १५,००० चे १२ टक्के म्हणजे १,८००. इतके मालकाने द्यायचे आणि इतकेच तुमच्याकडून कापायचे. «दोघांचे सारखे» हे तुम्ही ऐकलेले खरे आहे, कायद्यातच ते लिहिलेले आहे. पण ते सारखेपण या मर्यादेच्या आत आहे. मर्यादेच्या वर काय करायचे हे तुम्ही आणि मालक यांनी आपापल्या मर्जीने ठरवायचे असते, आणि दोघांची मर्जी वेगळी असू शकते. कर्मचाऱ्याला हवे तर तो जास्त भरू शकतो, मात्र त्यामुळे मालकाला आपला हिस्सा वाढवावा लागत नाही, असे त्याच कलमात स्पष्ट म्हटले आहे.

म्हणजे तुमच्या २,८८० चे दोन तुकडे आहेत. पहिले १,८०० सक्तीचे, आणि त्यांच्या शेजारी मालकाचे १,८०० उभे आहेत. उरलेले १,०८० हे मर्यादेवरच्या ९,००० रुपयांचे १२ टक्के. ते ऐच्छिक आहेत आणि त्यांना मालकाकडून जोड नाही.

याचा पुरावा कदाचित तुमच्याच पासबुकात सापडेल. एखाद्या महिन्यात आजारपणामुळे खूप खाडे झाले असतील तर ती ओळ काढून बघा. समजा ३० दिवसांच्या महिन्यात १३ खाडे झाले. रोजचे ८०० प्रमाणे १७ दिवसांचा पाया १३,६०० होतो, म्हणजे मर्यादेच्या खाली. त्या महिन्यात तुमचे १,६३२ कापले असतील, आणि कंपनीचे पेन्शनमधले १,१३३ व पीएफमधले ४९९ मिळूनही बरोबर १,६३२ च होतील. पगार मर्यादेखाली गेला की दोन्ही बाजू आपोआप समान होतात. त्या ओळीत त्या समान नसतील, तर मात्र हिशोब चुकला आहे हे नक्की समजा.

आता ५५० कुठून आले ते पाहू. इथे माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांचा, आणि खरे सांगायचे तर पगारपत्रक बनवणाऱ्या अनेकांचाही गोंधळ होतो. सगळीकडे असे लिहिलेले असते की मालकाच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के पेन्शनला जातात आणि ३.६७ टक्के पीएफला. वाचणाऱ्याला वाटते की हे दोन वेगळे दर आहेत आणि दोन्ही स्वतंत्रपणे मोजायचे आहेत. प्रत्यक्षात मालकाची वर्गणी एकच आहे, १२ टक्के. त्यातून आधी पेन्शनचा वाटा काढून घेतला जातो आणि उरते ते पीएफला जाते. ३.६७ हा त्या वजाबाकीचा उरलेला आकडा आहे, आणि पाया १५,००० पर्यंत असेल तोवरच तो ३.६७ टक्के भरतो. हिशोबाची पद्धत म्हणून हे एवढेच ध्यानात ठेवा:

```
मालकाची एकूण वर्गणी = पाया x 12%
पेन्शन = (पाया किंवा 15000, जे कमी ते) x 8.33%
मालकाचा पीएफ हिस्सा = एकूण वर्गणी - पेन्शन
```

पहिल्या ओळीतला पाया मालकाने १५,००० वर थांबवला असेल तर एकूण १,८००. पेन्शनचे गणित १,२४९.५० येते. पन्नास पैसे आणि त्यावर असेल तर पुढचा रुपया धरायचा हा नियम आहे, म्हणून १,२५०. वजाबाकी करून उरतात ५५०. हेच कोणी ३.६७ टक्क्यांनी गुणून काढले तर ५५०.५० येतात, पूर्णांकात ५५१ होतात, आणि बेरीज १,८०१ वर जाते. एका रुपयाचा फरक क्षुल्लक वाटेल, पण पासबुकात ५५१ दिसले की मला तिथे वजाबाकीऐवजी गुणाकार झालाय हे कळते. मग बाकीचा हिशोबही मी तपासायला घेते.

मालकाने उदार होऊन पाया पूर्ण २४,००० धरला तर पहिली ओळ २,८८० होते. पेन्शनची ओळ मात्र हलत नाही, ती १,२५० वरच थांबते. उरलेले १,६३० पीएफमध्ये जातात. म्हणून ज्या कंपन्या पूर्ण पगारावर भरतात तिथल्या माणसाच्या पासबुकात २,८८०, १,६३० आणि १,२५० असे तीन आकडे दिसतात. तुमच्याकडे २,८८०, ५५० आणि १,२५० आहेत. दोन्ही रांगा वैध आहेत. दोन्हीत मालकाच्या पैशांचा फरक महिन्याला १,०८०, वर्षाला १२,९६० रुपये. आणि मालकाने पूर्ण पगारावर भरले तरी पेन्शन त्याने वाढत नाही, वाढतो तो फक्त पीएफचा साठा. बरेच जण मालकाशी भांडायला निघतात तेव्हा त्यांच्या मनात पेन्शन असते, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

तिसरी एक रांग आहे, आणि ती चुकीची आहे. २,८८०, ८८१ आणि १,२५०. इथे पेन्शन १५,००० वर धरली आणि ३.६७ टक्के पूर्ण २४,००० वर लावले. मालकाचे एकूण २,१३१ झाले. हा आकडा ना १,८०० आहे ना २,८८०, कुठल्याच नियमात बसत नाही. काही वर्षांपूर्वी चौदा कामगारांच्या एका वर्कशॉपचे काम माझ्याकडे आले, तेव्हा त्यांच्या एक्सेल शीटमध्ये नेमके हेच सूत्र होते. जवळपास दोन वर्षे असेच भरले गेले होते. पोर्टलने फाइल स्वीकारली म्हणून ती बरोबर आहे असे सगळ्यांना वाटत होते. २४,००० पाया असलेल्या प्रत्येक माणसामागे महिन्याला ३३१ रुपये जास्त जात होते. आम्ही सूत्र दुरुस्त केले, त्या महिन्यात कामगारांच्या पासबुकात मालकाचा हिस्सा कमी झालेला दिसला, आणि संध्याकाळी सगळे मालकाच्या केबिनसमोर उभे. त्यांची समजूत काढताना मी जे कागदावर मांडले, तेच वर तुमच्यासाठी मांडले आहे. जास्त गेलेले पैसे मालकाने परत मागितले नाहीत, ते कामगारांच्या खात्यातच राहिले.

तुमच्या मित्राच्या खात्यात पेन्शनची जागा रिकामी का आणि १,८०० पूर्ण का, ते आता सोपे जाईल. १ सप्टेंबर २०१४ पासून नियम असा आहे की जो माणूस पहिल्यांदाच पीएफमध्ये येतो आणि येतानाच ज्याचा पाया १५,००० च्या वर असतो, तो पेन्शन योजनेचा सभासद होत नाही. त्याच्या मालकाच्या वर्गणीतून ८.३३ टक्के काढायची जागाच नाही, म्हणून सगळे १,८०० पीएफमध्ये जातात. तुम्ही २०१३ मध्ये, म्हणजे हा नियम येण्याआधी, पीएफमध्ये आलात, म्हणूनच तुम्ही पेन्शनचेही सभासद झालात. पुढे पगार कितीही वाढला तरी ते सभासदत्व अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत चालू राहते. मित्राला मालकाकडून तुमच्यापेक्षा जास्त मिळते असे नाही. दोघांचेही १,८००. त्याचे सगळे एका पेटीत आहेत आणि तुमचे दोन पेट्यांत.

खरे तर तुमचा मित्र पीएफच्या बाहेरही राहू शकला असता, कारण १५,००० च्या वर पगाराने पहिल्यांदा लागणाऱ्याला पीएफची सक्ती नसते. तो आत आला आहे तो त्याच्या आणि कंपनीच्या संमतीने. त्याला एकच गोष्ट विचारा. या कंपनीच्या आधी कुठेही, अगदी सहा महिन्यांसाठी का होईना, त्याचा पीएफ कापला जात होता का? जात असेल, आणि तो तेव्हा पेन्शनचा सभासद असेल व ते सभासदत्व पैसे काढून संपवलेले नसेल, तर त्याच्याही वर्गणीतून १,२५० पेन्शनला जायला हवे होते. तेव्हा त्याच्या पासबुकातले १,८०० चूक ठरतात. लागताना भरून घेतात त्या फॉर्म ११ मध्ये आधीच्या सभासदत्वाचा प्रश्न असतो, आणि घाईत तिथे «नाही» वर खूण केली जाते. उलटी चूकही होते. सिन्नरच्या एका कारखान्यातल्या सुपरवायझरचे, पेन्शनला पात्र नसताना, चार वर्षे दरमहा १,२५० पेन्शनमध्ये गेले. नोकरी सोडून पैसे काढायला गेला तेव्हा अर्ज अडकला. पेन्शनच्या खात्यातली रक्कम पीएफच्या खात्यात वळवून घ्यायला मालकाची पत्रे, लागल्या महिन्याची पगारपत्रके आणि बरेच हेलपाटे लागले. ही चूक नोकरीत असताना पासबुक बघूनच पकडता येते, म्हणून मी लोकांना सांगते की पहिल्या दोन-तीन महिन्यांच्या ओळी नीट बघा.

एक छोटी गोष्ट, कारण तुमच्या सीटीसीच्या कागदावर कदाचित १,८०० ऐवजी १,९५० लिहिलेले असेल. मालकाला १२ टक्क्यांशिवाय अर्धा टक्का विम्यासाठी आणि अर्धा टक्का प्रशासकीय खर्चासाठी भरावा लागतो. १५,००० वर ते ७५ आणि ७५ होतात. हे पैसे तुमच्या खात्यात येत नाहीत आणि पासबुकात दिसतही नाहीत. ते हरवलेले नाहीत.

कंपनी «खाते» का, या तुमच्या खऱ्या भीतीकडे येते. त्यासाठी मालकाचा हिस्सा नव्हे, तुमचा स्वतःचा हिस्सा तपासायचा असतो. पगाराच्या स्लिपवर पीएफ म्हणून जेवढे कापले, तेवढेच पासबुकात कर्मचारी हिस्सा म्हणून जमा झाले पाहिजेत, रुपयाचाही फरक न पडता. स्लिपवर २,८८० आणि पासबुकात कर्मचारी हिस्सा १,८०० असे असते, तर १,०८० रुपये तुमच्या पगारातून निघून कुठेतरी थांबले असते, आणि तो साधा हिशोबाचा दोष राहिला नसता. कामगाराकडून कापलेली पीएफची रक्कम न भरणे हा कायद्याने विश्वासघाताचा गुन्हा धरला जातो. दुसरी गोष्ट म्हणजे स्लिपवर तुमच्या बाजूला २,८८० शिवाय «कंपनी पीएफ» अशी आणखी एखादी कपात आहे का ते बघा. मालकाचा हिस्सा कामगाराच्या पगारातून कापायला योजनेत सरळ मनाई आहे, तसा लेखी करार असला तरीही. स्लिप आणि पासबुक दोन्ही ठिकाणी २,८८० च असतील तर कोणी काही खाल्लेले नाही. तुलना करताना महिना मात्र नीट जुळवा. मार्चच्या पगाराची वर्गणी १५ एप्रिलपर्यंत भरायची असते, त्यामुळे पासबुकातली तारीख एक महिना पुढची दिसते आणि लोक मार्चची स्लिप फेब्रुवारीच्या ओळीशी ताडून घाबरतात.

कंपनी दरमहा पोर्टलवर जी फाइल चढवते तिच्यात तुमची एक ओळ असते. ती कशी असायला हवी ते दाखवते, म्हणजे एचआरकडे नेमके काय मागायचे ते कळेल. यूएएन आणि नाव इथे काल्पनिक आहे, एकूण पगार २९,५०० धरला आहे:

```
100000000000#~#MEMBER NAME#~#29500#~#15000#~#15000#~#15000#~#2880#~#1250#~#550#~#0#~#0
```

एकूण पगारानंतरचे तीन १५,००० म्हणजे पीएफ, पेन्शन आणि विमा यांच्यासाठी धरलेला पाया. त्यानंतर तुमचा हिस्सा, मग पेन्शन, मग मालकाचा पीएफ हिस्सा. शेवटून दुसरा शून्य म्हणजे बिनपगारी दिवस. इथे पीएफच्या पायाच्या रकान्यात १५,००० आहे आणि तुमचा हिस्सा मात्र २,८८० आहे. म्हणजे कंपनीने स्वतःला मर्यादेत ठेवले आहे आणि तुमचे जादा पैसे ऐच्छिक म्हणून भरले आहेत. त्या रकान्यात २४,००० आणि मालकाचा हिस्सा ५५० असे असेल, तर दोन्ही एकमेकांशी जुळत नाहीत. पायाच्या रकान्यात पूर्ण पगार दाखवला की त्यावर १२ टक्के भरले का असा प्रश्न तपासणीत येतोच, आणि प्रशासकीय खर्चही त्या मोठ्या पायावर लागतो. ७५ ऐवजी १२०.

खाड्यांच्या महिन्यात आणखी एक चूक होते आणि ती कामगाराच्या तोट्याची आहे, म्हणून थोडे थांबून सांगते. तुमचे सहा खाडे झाले तर पाया १९,२०० होतो. तो अजूनही १५,००० च्या वर आहे, म्हणून मालकाचे पूर्ण १,८०० आलेच पाहिजेत. पण काही सॉफ्टवेअरमध्ये पगाराबरोबर मर्यादाही दिवसांच्या प्रमाणात कापली जाते. १५,००० ला ३० ने भागून २४ ने गुणायचे, आले १२,०००, आणि त्यावर १,४४० भरायचे. पेन्शन १,००० आणि पीएफ ४४०. मर्यादा महिन्याची आहे, ती हजेरीप्रमाणे घटत नाही. घटतो तो पगार, आणि तो घटूनही मर्यादेच्या वर राहिला तर वर्गणीत फरक पडत नाही. तुमच्या पासबुकात एखाद्या महिन्यात पेन्शनपुढे १,२५० ऐवजी १,००० किंवा १,०४१ असा आकडा दिसला, तर त्या महिन्याची स्लिप काढा आणि मिळालेला बेसिक-डीए बघा. तो १५,००० पेक्षा जास्त असेल तर कमी भरलेले पैसे व्याजासह मागता येतात, आणि पीएफ कार्यालय ते वसूल करू शकते, कारण हा मर्यादेच्या आतला, सक्तीचा भाग आहे.

अंबडमध्येच तुमच्या ओळखीत असेही लोक असतील ज्यांचा बेसिक ११,००० आणि «विशेष भत्ता» ९,००० आहे, आणि मालक ११,००० वरच, म्हणजे १,३२० भरतो. सर्वांना सरसकट मिळणारा असा भत्ता पायातच धरायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये विवेकानंद विद्यामंदिर प्रकरणात सांगितले आहे. त्यांचा पाया २०,००० होतो, मर्यादा लागते आणि मालकाचे १,८०० निघतात. तुम्हाला हा मुद्दा लागू नाही. तुमचा पाया आधीच मर्यादेच्या वर आहे, त्यामुळे कुठलाही भत्ता त्यात मिळवला तरी मालकाचे १,८००, १,८०० च राहतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतल्या वेतनाच्या नव्या व्याख्येबद्दल सध्या बरेच विचारले जाते. जोवर वर्गणी १५,००० वर मोजली जाते, तोवर तुमच्यासारख्याच्या या आकड्यांना तिचाही धक्का लागत नाही.

मग तुम्ही काय करायचे? पहिले काम म्हणजे नियुक्तीपत्र आणि शेवटचे पगारवाढीचे पत्र शोधा. त्यात कंपनीचा पीएफ कसा लिहिला आहे ते शब्दशः वाचा. «कायद्यानुसार» किंवा «१५,००० च्या मर्यादेत» असे असेल तर मालकाकडून आणखी काही मागता येणार नाही. पण «बेसिक व डीएच्या १२ टक्के» असे मर्यादेचा उल्लेख न करता लिहिले असेल, किंवा सीटीसीच्या तक्त्यात कंपनीचा पीएफ २,८८० दाखवला असेल, तर तुमचे म्हणणे खरे आहे. त्यांनी कबूल केले २,८८० आणि भरले १,८००. हे भांडण मात्र करारातले आहे. पीएफ कार्यालय साधारणपणे मर्यादेपर्यंतचीच वसुली लावून धरते, त्यामुळे तिथे तक्रार टाकून वाट बघत बसण्याऐवजी आधी कंपनीकडे लेखी मागा, आणि युनियन असेल तर तिच्यामार्फत मागा. त्यासोबत जुनी पासबुकेही बघा. कधीकाळी कंपनीच्या बाजूला ५५० पेक्षा मोठा आकडा होता आणि एका महिन्यापासून तो ५५० झाला असे दिसले, तर कंपनी आधी पूर्ण पगारावर भरत होती आणि नंतर तिने मर्यादा लावली असे होते. मालकाच्या पीएफ वर्गणीतला बदल हा कामगाराच्या सेवाशर्तीतला बदल आहे, आणि तसा बदल करण्याआधी कामगारांना २१ दिवसांची नोटीस द्यावी लागते. अशी नोटीस निघाली होती का, एवढे जरूर विचारा.

दुसरे काम म्हणजे ते १,०८०. बहुतेक कंपन्यांत काय घडते ते मी इतक्या वेळा पाहिले आहे की तुमच्याकडेही तेच झाले असावे असे वाटते. तुमचा पाया १५,००० ओलांडून गेला, त्या महिन्यात पगारपत्रकात मालकाच्या रकान्याला मर्यादा लावली आणि कामगाराच्या रकान्यात जुनेच १२ टक्क्यांचे सूत्र राहू दिले. कोणी तुम्हाला विचारले नाही. मर्यादेच्या वरची वर्गणी तुमच्या इच्छेची आहे, त्यामुळे ती तुमच्या लेखी संमतीशिवाय कापणे मला मान्य नाही, आणि कायद्यालाही नाही. मालकाने स्वतःपुरती मर्यादा लावायची आणि कामगाराला न विचारता त्याच्याकडून पूर्ण कापायचे, यात पैसे चोरले गेलेले नसले तरी तुमच्या हातात येणारा पगार तुमच्या नकळत कमी झाला आहे.

आता ते बंद करायचे की चालू ठेवायचे हे घरी बसून ठरवा. ते पैसे तुमच्याच नावावर आहेत आणि त्यांना बाकी पीएफइतकेच व्याज मिळते, २०२४-२५ साठी ते ८.२५ टक्के होते. डोक्यावर पतसंस्थेचे किंवा सोन्यावरचे कर्ज जास्त व्याजाने चालू असेल, तर महिन्याला १,०८० हातात येणे जास्त कामाचे आहे. तसे काही नसेल तर चालू ठेवा, पण मग ते ऐच्छिक म्हणून चालू आहेत असे एका अर्जावर लिहून द्या आणि त्याची पोच ठेवा. बंद करायचे असतील तर एचआरला अर्ज द्या की माझी वर्गणी अमुक महिन्यापासून वैधानिक मर्यादेपर्यंत, म्हणजे १५,००० वर, ठेवावी. मागचे जमा झालेले पैसे या अर्जाने परत मिळत नाहीत, ते पीएफच्या नेहमीच्या नियमांनीच निघतात. आर्थिक वर्षाच्या मध्ये बदल करायला कंपन्या नाखूश असतात, म्हणून अर्ज मार्चमध्ये द्या आणि एप्रिलच्या पगारापासून मागा.

अर्ज दिल्यावर पुढच्या पासबुकात तीन आकडे बघा. तुमचा हिस्सा २,८८० वरून १,८०० वर आलेला असेल. कंपनीचे ५५० आणि पेन्शनचे १,२५० मात्र होते तसेच असले पाहिजेत. तुमचा हिस्सा कमी केला म्हणून त्यातला एक रुपयाही कमी झालेला दिसला, तर स्लिप आणि पासबुकाची प्रत घेऊन ईपीएफआयजीएमएस पोर्टलवर तक्रार नोंदवा, किंवा नाशिकच्या पीएफ कार्यालयात जाऊन या, कारण ते १,८०० तुमच्या अर्जावर अवलंबून नाहीत.